चॉकलेटवरचा पांढरा थर: बुरशी की वर आलेलं कोको बटर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात इंदुरातल्या कपाटातून काढलेलं चॉकलेट आणि ऑगस्टमध्ये फ्रिजमधून काढलेलं चॉकलेट, दोन्ही पांढरट दिसतात. दिसायला सारखी असली तरी दोन्हींची कारणं वेगळी आहेत, आणि बहुतेक वेळा दोन्हींत बुरशी नसते. बुरशी खरोखर येते ती ठरावीक प्रकारच्या चॉकलेटवर. तो प्रकार ओळखता आला की चांगलं चॉकलेट फेकलं जात नाही आणि खराब झालेलं पोटात जात नाही.

चॉकलेटवर पांढरा किंवा राखाडी थर दिसला. फेकून द्यायचं का?

आधी चॉकलेट कोणतं आहे ते बघा. आतून-बाहेरून घट्ट, काहीही भरलेलं नसलेली साधी वडी असेल, तर तो थर जवळजवळ नेहमी चरबीचा, म्हणजे चॉकलेटमधल्या कोको बटरचा, नाहीतर साखरेचा असतो. तो खाल्ल्याने अपाय होत नाही. चव थोडी फिकी लागते आणि तोंडात विरघळताना भुरभुरीत किंवा खरखरीत वाटतं, एवढंच.

आत मऊ सारण असेल, म्हणजे क्रीमचं ट्रफल, कॅरॅमल, फळाचा गर, खवा किंवा गुलकंद, तर मात्र पुढच्या चाचण्या केल्याशिवाय तोंडात टाकू नका.

घरच्या घरी नक्की ओळखायचं कसं?

उजेडात, शक्यतो खिडकीपाशी, चॉकलेट तिरकं धरून बघा. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला आणि तो मोठा करून पाहिला तर बरंच काही तिथेच कळतं. चरबीचा थर चॉकलेटच्या अंगातच मुरल्यासारखा दिसतो. राखाडी ढग, पट्टे, कधी संगमरवरासारखी नक्षी, पण पृष्ठभागाच्या वर उभं असं काही नसतं. साखरेचा थर कोरडा, मातकट, सगळीकडे साधारण सारखा पसरलेला असतो आणि नीट पाहिलं तर बारीक कण चमकतात. बुरशी वर उभी राहते. तिचे बेटासारखे वेगळे ठिपके असतात, कडेला कापसासारखी लव असते, आणि जुनी झाली की मध्ये हिरवट, निळसर किंवा काळपट रंग धरते.

मग स्वच्छ, कोरडं बोट त्यावर दहा सेकंद दाबून धरा आणि हलकेच फिरवा. बोटाच्या उबेने चरबी मऊ होते, थर पुसला जातो, खालचा गडद रंग दिसतो आणि बोटाला तेलकटपणा लागतो. साखरेचा थर बोटाला बारीक रव्यासारखा खरखरीत लागतो आणि नुसत्या उबेने जात नाही. बुरशीसारखी लव दिसत असेल तर मात्र बोट लावू नका आणि जवळून हुंगूही नका.

अजून शंका असेल तर एका कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. चरबीवर थेंब गोल मण्यासारखा उभा राहतो. साखरेवर तो पसरतो, साखर विरघळते आणि तेवढ्या जागी पांढरेपणा नाहीसा होतो. ज्या तुकड्यावर पाणी टाकलं तो लगेच खाऊन टाका, परत डब्यात ठेवू नका.

हेअर ड्रायरचा उपायही चांगला आहे. वीतभर अंतरावरून काही सेकंद कोमट हवा मारली की चरबीचा थर वितळून चॉकलेट चमकू लागतं. साखरेचा थर तसाच राहतो. ड्रायर बुरशीवर मात्र वापरू नये, कारण हवेच्या झोताने तिचे बीजाणू घरभर उडतात.

साध्या वडीवर बुरशी का येत नाही?

बुरशीला वाढायला मोकळं पाणी लागतं. पदार्थात असं पाणी किती आहे हे मोजायचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याची १, आणि बहुतेक बुरशी ०.७ च्या खाली वाढू शकत नाहीत. साध्या चॉकलेटची वॉटर ॲक्टिव्हिटी साधारण ०.३ ते ०.४ असते. त्यात पाणी जेमतेम एखादा टक्का असतं आणि तेही साखर आणि कोकोने धरून ठेवलेलं. कोरड्या वडीवर बीजाणू पडले तरी ते तसेच पडून राहतात.

ताजं क्रीम आणि चॉकलेट एकत्र करून केलेलं मऊ सारण, म्हणजे गनाश, बहुधा ०.८५ च्या आसपास असतं, म्हणजे बुरशीला हवं तिथेच. बाहेरचं चॉकलेटचं कवच अखंड असेपर्यंत आतलं सारण झाकलेलं राहतं. तळाशी बारीक भेग पडली किंवा साच्याच्या कडेला कवच पातळ राहिलं, की सारण झिरपतं आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. म्हणून भरलेलं चॉकलेट तपासताना वरचा चकचकीत भाग बघून थांबू नका. उलटं करून तळ बघा.

साध्या वडीवर बुरशी येण्याची एकच वाट आहे: ती ओली राहणं. पावसाळ्यात उघडी पडलेली किंवा पाणी सुटलेल्या डब्यात भिजलेली वडी पृष्ठभागावर चिकट होते. तिला कुबट वास येत असेल तर ती टाकून द्या.

कोको बटर वर येतं म्हणजे नेमकं काय होतं?

कोको बटर सहा वेगवेगळ्या रचनांमध्ये गोठू शकतं, असं विल आणि लटन या संशोधकांनी १९६६ साली मांडलं आणि त्या रचनांना एक ते सहा असे क्रमांक दिले. क्रमांक वाढतो तसा वितळण्याचा बिंदूही वाढतो. चौथी रचना २७-२८ अंशांना वितळते, पाचवी ३३-३४ ला आणि सहावी ३६ च्या आसपास. चांगल्या चॉकलेटमध्ये पाचवी हवी असते. तिच्यामुळे चमक येते, मोडताना ‘कट्’ असा आवाज होतो, आणि तोंडाच्या उबेला चॉकलेट नेमकं विरघळतं.

चॉकलेट वितळून आपलं आपण सावकाश गोठलं, तर ही शिस्त मोडते. कढवलेलं तूप ओट्यावर हळूहळू निवलं की त्यात कणी पडते, तसंच इथे चरबीचे मोठे स्फटिक बनतात. फरक इतकाच की तुपातली कणी आपल्याला हवी असते. चॉकलेटच्या पृष्ठभागावर हेच स्फटिक उजेड विखुरतात आणि आपल्याला राखाडी थर दिसतो. त्यात बाहेरून आलेलं काहीच नसतं.

चॉकलेट कधी वितळलंच नाही, आकारही बिघडला नाही. तरी थर कसा आला?

इंदुरात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर माळव्याच्या हवेत आहे. मे महिन्यात दुपारी बाहेर चाळीस अंश असतात, रात्री मात्र गार वारा सुटतो. शब-ए-माळवा म्हणून जिचं कौतुक होतं तीच रात्र चॉकलेटला नडते.

बंद कपाटात दुपारी ३१-३२ अंश झाले तरी वडी हाताला घट्टच लागते, कारण साखर, कोको आणि उरलेले स्फटिक तिचा सांगाडा धरून ठेवतात. पण आतल्या चरबीचा मोठा भाग तोवर द्रव झालेला असतो. ही द्रव चरबी बारीक छिद्रांतून पृष्ठभागाकडे सरकते. रात्री कपाट २५-२६ अंशांवर आलं की ती तिथेच सावकाश गोठते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा आठ-दहा दुपारी गेल्या की न वितळलेल्या वडीवर पांढरे ढग उमटतात.

त्यामुळे कायम २४ अंशांच्या खोलीतली वडी बरी टिकते, आणि दिवसा एसी चालू, रात्री बंद अशा खोलीतली लवकर बिघडते. स्वयंपाकघरातलं वरचं कपाट, फ्रिजच्या मागची भिंत, मायक्रोवेव्हच्या वरची जागा टाळा. घरातला सगळ्यात खालचा, आतल्या भिंतीचा कप्पा त्यातल्या त्यात गार असतो. खरी योग्य जागा म्हणजे १६ ते १८ अंश आणि कोरडी हवा, पण उन्हाळ्यात आपल्याकडे ती फ्रिजशिवाय मिळत नाही.

काही चढ-उतार नसतानाही बरेच महिने गेले की पाचवी रचना हळूहळू सहावीत बदलते आणि थर दिसतो. दुधाच्या चरबीमुळे हा बदल मंदावतो, म्हणून जुन्या डार्क वडीवर तो मिल्क चॉकलेटपेक्षा आधी दिसतो.

मग फ्रिजमध्ये ठेवलेल्या चॉकलेटवर थर का येतो?

तो साखरेचा असतो आणि फ्रिजमधून बाहेर काढल्यावर येतो. गार चॉकलेटला दमट हवा लागली की त्याला घाम येतो. त्या दवात पृष्ठभागावरची साखर विरघळते, पाणी उडून गेलं की तीच साखर खरखरीत कणांच्या रूपात मागे राहते.

ऑगस्टमध्ये खोलीत २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दव साधारण २४ अंशांना पडतं. फ्रिजमधून ५-६ अंशांवर आलेलं चॉकलेट २४ च्या वर जाईपर्यंत हवेतलं पाणी ओढत राहतं. मे महिन्यात खोलीत ३६ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हाच बिंदू साडेनऊ-दहा अंशांवर येतो, त्यामुळे घाम फारच कमी. म्हणून इंदुरात उन्हाळ्यात चरबीचा थर जास्त दिसतो आणि पावसाळ्यात साखरेचा.

उपाय डब्याचा आहे. वडी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, हवा काढून झिपच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा फ्रिजच्या दारात किंवा भाजीच्या कप्प्याजवळ ठेवा, फ्रीझरखाली नको. कांदा-लसणाचा वासही यामुळे लागत नाही. बाहेर काढल्यावर डबा उघडू नका. लहान डबा असेल तर दोन तास, अर्ध्या किलोची वडी असेल तर तीन-चार तास तसाच बंद ठेवा. दव डब्यावर पडू दे, चॉकलेटवर नको. सगळं खोलीच्या तापमानाला आलं की मगच उघडा.

एकदम उघडून दोन तुकडे मोडून उरलेलं परत आत ठेवायची सवय सगळ्यात वाईट. दर खेपेला एक ओला थर आणि एक कोरडा थर जमत जातो.

राखीला आलेल्या बॉक्समध्ये काही चॉकलेटं पांढरी झाली आहेत. सगळा बॉक्स टाकायचा का?

असा बॉक्स एकदा नीट उलगडून बघू. समजा, घरगुती चॉकलेटांचा बॉक्स आहे. त्यात साधे डार्क तुकडे, बदाम-हेझलनटचं सारण भरलेले तुकडे आणि ताज्या क्रीमचे ट्रफल आहेत. राखीनंतर बारा-तेरा दिवस तो फ्रिजमध्ये होता, रोज उघडला गेला आणि आता तिन्ही प्रकारांवर काही ना काही पांढरं दिसतंय.

डार्क तुकडे सगळीकडे सारखेच निस्तेज आहेत. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, पाण्याचा थेंब पसरतो आणि पांढरेपणा जातो. ही साखर. रोज बॉक्स उघडल्यामुळे घाम आला. हे तुकडे खाता येतात.

सुकामेव्याच्या सारणाच्या तुकड्यांवर राखाडी ढग आहेत, आणि जिथे कवच पातळ आहे तिथे ते जास्त दाट आहेत. बोटाने पुसले जातात, तेलकट लागतात. ही चरबी, आणि इथे तिला आणखी एक कारण आहे. बदाम-हेझलनटचं तेल खोलीच्या तापमानाला पातळ असतं. ते कवचात शिरतं, वाटेत थोडं कोको बटर विरघळवतं आणि त्याला घेऊन बाहेर येतं. २०१५ साली हॅम्बुर्ग इथल्या डेझी संशोधन केंद्रात तीव्र क्ष-किरणांखाली हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. द्रव चरबी छिद्रांत काही सेकंदांतच शिरते आणि त्यानंतर काही तासांत आतले स्फटिक सैल करते. हे तुकडेही खाता येतात. फक्त आधी एक चावून बघा. जुन्या तेलासारखा खवट वास किंवा कडवट चव आली तर ते बदाम खवट झाले आहेत, आणि त्याचा थराशी संबंध नाही.

ट्रफलपैकी दोन वरून छान दिसतात. उलटे केले तर एकाच्या तळाशी केसाएवढी भेग आहे, तिथे सारण झिरपून चिकट झालं आहे आणि त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा लवदार ठिपका आहे. ही बुरशी. तो ट्रफल टाकायचाच, शिवाय बाकीचे सगळे ट्रफलही टाकायचे, कारण सारण एकाच घाण्याचं आहे आणि वयही तेच. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, म्हणून ठिपका सुरीने काढून उरलेला खाणं बरोबर नाही. त्या ट्रफलला चिकटून असलेले तुकडे टाका. वेगळ्या कागदी वाटीत किंवा वेष्टनात असलेले कोरडे डार्क तुकडे ठेवायला हरकत नाही. घरात दम्याचा त्रास असलेलं माणूस, लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर अख्खा बॉक्स काढून टाका.

ताज्या क्रीमचे ट्रफल कोणी दिले तर ते फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावेत हे आमचं मत. ‘चॉकलेटच आहे, टिकतं’ हे ट्रफलला लागू होत नाही.

घरी बनवलेल्या चॉकलेटवर दोनच दिवसांत पट्टे आले. काय चुकलं?

आधी कोणता माल वापरला ते पाहा. पाकिटावरच्या घटकांत कोको बटर असेल तर टेम्परिंग, म्हणजे पाचवी रचना मिळावी म्हणून ठरावीक तापमानाला वितळवणं आणि निववणं, करावंच लागतं. त्याऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी लिहिली असेल तर तो कंपाउंड माल आहे, त्याला टेम्परिंगची गरज नसते. इंदुरातल्या सियागंज बाजारातून घाऊक आणलेली पाटी बहुधा कंपाउंड असते.

चव वाढावी म्हणून कंपाउंडमध्ये थोडी कुवरचर, म्हणजे कोको बटरची खरी पाटी मिसळण्याची पद्धत आहे, आणि बरेच पट्टे तिथूनच येतात. कंपाउंडमधली पाम-कर्नेलची चरबी आणि कोको बटर एकत्र नीट गोठत नाहीत. मिश्रण मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं. एकाचं भांडं न धुता दुसऱ्याला वापरलं तरी थोडा परिणाम होतो. दोन्ही वेगळेच ठेवा.

खऱ्या डार्क चॉकलेटसाठी ६०० ग्रॅमचा हिशोब असा. त्यातलं २०० ग्रॅम बारीक चिरून बाजूला ठेवा. उरलेलं ४०० ग्रॅम कोमट पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात ४५ ते ४८ अंशांपर्यंत वितळवा. वाफ आणि पाण्याचे शिंतोडे आत जाता कामा नयेत, नाहीतर चॉकलेट घट्ट गोळा होऊन बसतं. भांडं उतरवा आणि चिरलेलं चॉकलेट तीन-चार वेळा थोडं थोडं घालून सतत ढवळत राहा. ३१-३२ अंशांवर आलं की थांबा. न विरघळलेले तुकडे राहिले तर चमच्याने काढून घ्या. चिरून घातलेलं चॉकलेट पाचव्या रचनेचं बीज पुरवतं, म्हणून ते चमकदार आणि थर नसलेलंच असलं पाहिजे. मिल्क चॉकलेटला २९-३० अंश आणि पांढऱ्याला २८-२९ अंश.

साच्यात ओतण्याआधी सुरीचं टोक बुडवून खोलीत ठेवा. पाच मिनिटांत चमक घेऊन गोठलं तर जमलं. ओलसर राहिलं किंवा रेघा आल्या तर अजून बीज घालून ढवळा. डिजिटल थर्मामीटरशिवाय हे अंदाजाने करू नका, इथे दोन अंशांनी काम बिघडतं.

खोली २० ते २२ अंशांची हवी. मे महिन्यात एसीशिवाय हे होणार नाही, डिसेंबर-जानेवारीत खिडकी उघडूनही होतं. जाड तुकड्याच्या मध्यभागीच गोल राखाडी डाग येत असेल तर टेम्परिंग नाही, थंड करणं चुकलं आहे. चॉकलेट गोठताना स्वतः उष्णता सोडतं आणि जाड तुकड्याच्या पोटात ती अडकून तिथलं बीज वितळतं. साचा भरल्यावर दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढा. तासभर ठेवलात तर घामाचा प्रश्न सुरू होतो.

थर आलेलं चॉकलेट वापरायचं कसं?

चरबीचा थर असेल तर ते पूर्ण वितळवून पुन्हा टेम्पर करता येतं, थर राहत नाही. बीज म्हणून मात्र नवं चॉकलेट घ्या. साखरेचा थर असेल तर साच्याच्या भानगडीत पडू नका, कण राहतात. गरम दुधात, केकच्या मिश्रणात किंवा ब्राउनीत ते अगदी व्यवस्थित जातं.

थर नाही, पण पांढरे धागे आणि जाळी दिसते. ती बुरशीच ना?

सुकामेवा घातलेल्या, बरेच दिवस पडून राहिलेल्या चॉकलेटवर ती बहुधा अळीची जाळी असते. धाग्यांत वाळूसारखे बारीक कण अडकलेले असतात आणि वेष्टनाला टाचणीएवढं छिद्र दिसतं. चॉकलेट टाका आणि त्याच कपाटातला रवा, शेंगदाणे, बेदाणे तपासा. अळी बहुधा तिथूनच आलेली असते.

पांढऱ्या चॉकलेटवर थर आला हे कळणार कसं?

रंगावरून कळत नाही, चमक बघा. दिव्याखाली तिरकं धरल्यावर चांगल्या वडीत दिव्याचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतं, थर आलेल्या वडीत ते धुरकट होतं. मग बोटाची आणि थेंबाची चाचणी तशीच करा. पिवळसर झालेली, जुन्या दूध पावडरीचा वास येणारी वडी मात्र थराशिवायही खराब असू शकते, कारण तिच्यात दुधाची चरबी भरपूर असते आणि ती खवट होते.